क्रीमवर नाव तुमचं, पण फॉर्म्युला कोणाचा?

स्वतःच्या ब्रँडची क्रीम दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेताना सुरुवातीला फार कागद लागत नाहीत. व्यवसायाची नोंदणी, ब्रँडचं नाव आधीच कुणी घेतलेलं नाही याची खात्री आणि गोपनीयतेचा करार, एवढ्यावर बोलणी सुरू होतात. उत्पादकाचा परवाना आणि सौंदर्यप्रसाधनं चांगल्या पद्धतीने बनवण्याचं आयएसओ २२७१६ चं प्रमाणपत्र मागून घ्या आणि त्यावरचा पत्ताही वाचा. प्रमाणपत्र एका युनिटचं आणि माल भलत्याच युनिटमध्ये बनतोय, असंही निघतं.

खरी अडचण फॉर्म्युल्याच्या कागदाची. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी उत्पादकाचा तयार बेस घेतला, त्यात कोरफडीचा अर्क घालायला लावला आणि सुगंध बदलला. करारात ‘हा फॉर्म्युला इतर कोणत्याही ब्रँडला दिला जाणार नाही’ असं वाक्य होतं, त्यामुळे फॉर्म्युला आपलाच झाला असं त्या धरून चालल्या. वर्षभराने दुसऱ्या उत्पादकाकडे जायचं ठरलं तेव्हा पहिल्याने हात वर केले. चूक त्याची नव्हती. दुसऱ्याला न देण्याचं वचन वेगळं आणि मालकी वेगळी. मालकी हवी असेल तर ‘फॉर्म्युल्याचे सर्व हक्क ब्रँडकडे हस्तांतरित’ असं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. विकसनाचे पैसे वेगळे भरले, तरी एवढ्याने मालकी आपोआप येत नाही.

हक्क मिळाले तरी हातात काय पडतं ते बघा. डब्यावर छापायची घटकांची यादी म्हणजे फॉर्म्युला नव्हे, कारण तिच्यात प्रमाण नसतं. प्रत्येक घटकाची टक्केवारी, कच्च्या मालाचं व्यापारी नाव आणि पुरवठादार, शिवाय कुठल्या तापमानाला काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ घोटायचं, हे सगळं लागतं. यातलं एक जरी गाळलं तरी दुसऱ्या कारखान्यात तीच क्रीम बनेल याचा भरवसा नाही.

उत्पादनाच्या नोंदणीसाठी किंवा सुरक्षितता-तपासणीसाठी टक्केवारी मागितली की मालकी नसलेले अर्जदार अडकतात. अशा वेळी उत्पादकाने ती माहिती गोपनीय म्हणून थेट तपासणाऱ्याकडे पाठवावी, हा मार्ग असतो. पण ती पाठवायला तो बांधील आहे, हे करारात आधीच हवं. सही झाल्यावर मागायला गेलात तर महिनोन्‌महिने ‘बघतो, सांगतो’ ऐकत बसाल.

आता किमान ऑर्डर. उत्पादक १०० किलोची बॅच म्हणाला तर ५० ग्रॅमच्या हिशोबाने २००० डब्या होतात. भांड्याला, नळ्यांना आणि भरताना पाच टक्के गेले तर १९०० उरतात. ‘पहिल्यांदा २० किलोच करा ना’ ही विनंती बहुधा मान्य होत नाही आणि त्यात अडवणूक नसते. इतक्या कमी मालात त्या भांड्याची पाती नीट बुडत नाहीत, मग तेल-पाणी एकजीव होत नाही. पण रिकाम्या डब्यांची किमान ऑर्डर निराळी असते. ती ५००० असेल तर ३१०० डब्या तुमच्या घरात पडून राहणार. म्हणून डब्या कोऱ्या घ्या आणि नाव स्टिकरवर छापा, म्हणजे त्याच डब्या पुढच्या उत्पादनाला चालतात. बाईंनी डब्यांवरच नाव आणि घटकांची यादी छापून घेतली होती आणि नंतर त्या यादीत एक दुरुस्ती निघाली.

मुदतीचंही असंच. ‘आठ आठवड्यांत माल’ हे बहुतेकदा अंतिम नमुना मंजूर होऊन, ॲडव्हान्स भरून आणि डब्या कारखान्यात पोचल्यानंतरचे आठवडे असतात. चाचण्यांचा वेळ त्याच्या आधी जातो. ४० अंशांवरची टिकाऊपणाची चाचणी साधारण तीन महिने चालते. परिरक्षक जंतूंना रोखतो का, हे बघणारी आयएसओ ११९३० ची चाचणी २८ दिवसांची आहे.

अहवाल हातात आला की आधी बघा, नमुना कोणता होता. बाईंना मिळालेला अहवाल अर्क घालण्याआधीच्या बेसचा होता आणि तोही काचेच्या बाटलीतला. बेसला घट्टपणा कार्बोमरने दिला होता. अर्कातल्या क्षारांनी कार्बोमर सैल पडतो, त्यामुळे त्यांची क्रीम डबी कलंडली की ओघळायची. शिवाय अर्क म्हणजे जंतूंना खाऊ, तेव्हा परिरक्षकाची चाचणीही पुन्हा करायला हवी होती. अहवालावर तुमचा अंतिम फॉर्म्युला क्रमांक आणि तुमचीच डबी नसेल, तर तो परत करा.

माल उचलण्याआधी त्या बॅचचा सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला घ्या. त्यात रंग, वास, पीएच, घट्टपणा आणि जंतूंची मोजणी हवी. नुसतं ‘योग्य’ असं लिहिलेलं चालवून घेऊ नका; मोजलेला आकडा आणि त्याची ठरलेली मर्यादा शेजारी शेजारी असावी. मंजूर केलेल्या नमुन्याच्या दोन डब्या सील करा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक स्वतःकडे ठेवा. पुढच्या बॅचचा वास वेगळा वाटला तर उत्पादकासमोर तीच उघडायची आहे.