फ्लॅटच्या बुकिंगचा पैसा: बिल्डरच्या ऋण खेळत्या भांडवलाची पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला स्थापन झाले आणि २० मे १९६० ला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, सरकारने एक समिती नेमली. मालकी हक्काच्या फ्लॅटच्या व्यवहारांत चाललेल्या गैरप्रकारांची चौकशी तिने करायची होती. घरांची टंचाई तीव्र होती. इमारत उभी राहण्याआधीच लोक पैसे भरत, आणि तो पैसा कुठे जातो हे विचारण्याची सोय त्यांना नव्हती.

हिशेबाच्या भाषेत या व्यवहाराला ऋण खेळते भांडवल म्हणतात. एरवी धंदा करणाऱ्याचा स्वतःचा पैसा आधी मालात आणि अर्धवट कामात अडकतो, वसुली नंतर होते. इथे क्रम उलटा असतो. ग्राहकाचा आगाऊ पैसा आणि ठेकेदार-पुरवठादारांची थकलेली बिले मिळून अर्धवट कामात गुंतलेल्या रकमेपेक्षा जास्त भरतात, आणि वरची रक्कम बिल्डरच्या हातात रोख म्हणून उरते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासात विक्रीचे ३० फ्लॅट आहेत, किंमत प्रत्येकी ६० लाख. जमीन विकत घेतलेली नाही. सुरुवातीलाच १५ फ्लॅट बुक होतात आणि करार करून प्रत्येक जण ३० टक्के, म्हणजे १८ लाख भरतो. जमा झाले २ कोटी ७० लाख. जोत्यापर्यंतचे काम झाले १ कोटी २० लाखांचे, पण त्यातली ५० लाखांची बिले अजून उधारीवर आहेत. प्रत्यक्षात दिले फक्त ७० लाख. उरले २ कोटी. जोत्यावर एकही स्लॅब पडलेला नाही आणि बिल्डरकडे दोन कोटी रोख आहेत. यात नफ्याचा एक रुपयाही नाही. सगळे इतरांचे देणे आहे, आणि माझ्या मते घोळ सुरू होतो तो हे विसरण्यापासून.

कारण हे दोन कोटी पुढच्या प्लॉटच्या विसारात जातात. मग बुकिंग थंडावते. स्लॅबच्या टप्प्याला ४ कोटी लागणार आहेत, शिवाय मागचे ५० लाख फेडायचे आहेत. आधीचे १५ ग्राहक स्लॅब पूर्ण होईपर्यंत आणखी ४० टक्के, म्हणजे ३ कोटी ६० लाख देतील. तूट ९० लाखांची. दोन कोटी जागेवर असते तर काम थांबले नसते. आता ठेकेदार माणसे काढून घेतो, काम थांबले म्हणून ग्राहक हप्ता रोखतात, आणि ज्या चक्राने सुरुवातीला पैसा आणला तेच तो बाहेर ओढू लागते.

१९६३ च्या महाराष्ट्र मालकी फ्लॅट कायद्याने, म्हणजे मोफाने, यावर दोन बंधने घातली. लेखी करारापूर्वी किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही, आणि घेतलेला पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवून ज्या कामासाठी घेतला त्यालाच वापरायचा. म्हणजे वेगळ्या खात्याची कल्पना २०१६ च्या केंद्रीय स्थावर मालमत्ता नियमन कायद्याची, म्हणजे रेराची, नव्हे. मोफात उणीव होती ती मोजमापाची: किती काम झाल्यावर किती काढायचे आणि ते कोण तपासणार, हे त्यात नव्हते.

ते रेराने आणले. त्याच्या मुख्य तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. करारापूर्वीची मर्यादा १० टक्क्यांवर आली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात जाऊ लागले आणि ते काढायला अभियंता, आर्किटेक्ट व सीए अशा तिघांची प्रमाणपत्रे लागू लागली. महाराष्ट्राच्या नमुना करारात टप्पेही ठरले: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोता झाल्यावर ४५, सर्व स्लॅब झाल्यावर ७०.

वरच्या उदाहरणात आता १ कोटी ८९ लाख वेगळ्या खात्यात जातील. फेडलेल्या बिलांपुरते ७० लाख काढले असे धरले, तर १ कोटी १९ लाख तिथेच राहतात. मोकळे उरतात फक्त ८१ लाख. एक बारकावा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. काढण्याची मर्यादा बांधकाम आणि जमीन या दोन्हींच्या झालेल्या खर्चावर ठरते. जमीन आधीच पाच कोटींना घेतलेली असती, तर हे १ कोटी ८९ लाख जोत्याच्या वेळीच जमिनीच्या खर्चापोटी बाहेर काढता आले असते. म्हणून ७० टक्क्यांचे कुलूप पुनर्विकासात घट्ट बसते आणि विकत घेतलेल्या जमिनीवर बरेच सैल. खात्यात पैसा आहे एवढ्यावर ग्राहकाने निर्धास्त राहू नये. रेराची अंमलबजावणी करणारे राज्याचे प्राधिकरण म्हणजे महारेरा; त्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला दिलेली प्रगती आणि आपल्याकडून मागितलेला हप्ता ताडून पाहावा.

पुरवठादारांच्या उधारीची बाजू वेगळ्या कायद्याने आवळली. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरा दिल्यास व्याजही आहे, तरी लहान पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकावर दावा लावायला कचरतो, हे स्वाभाविक आहे. आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाने २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून दबाव देणाऱ्यावर आणला: मुदतीत न फेडलेले बिल त्या वर्षीच्या खर्चात धरले जात नाही, प्रत्यक्ष फेडले त्या वर्षी धरले जाते. म्हणजे मार्चअखेर मुदत उलटलेल्या उधारीवर आधी कर भरावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली. ग्राहकाचा सगळा पैसा पहिल्या खात्यात येतो आणि तिथून ७० टक्के व ३० टक्के अशा दोन वाटांनी पुढे जातो.