दशांश स्थळे की सार्थ अंक? तक्त्याचा रकाना काय मागतो

प्रयोगवहीतली निरीक्षणे अहवालात नेताना एक सूचना हमखास मिळते: 'सगळीकडे सारखे अंक ठेवा.' सारखे म्हणजे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मग कोणी सगळ्या रकान्यांत दोन दशांश स्थळे ठेवतो, कोणी सगळीकडे तीन सार्थ अंक. दोघांचेही तक्ते नीटनेटके दिसतात आणि दोन्ही चुकीचे असू शकतात.

दशांश स्थळे म्हणजे दशांश चिन्हानंतरचे अंक. सार्थ अंक पहिल्या शून्येतर अंकापासून मोजतात, दशांश चिन्ह कुठेही असो. ८.१४ ग्रॅमचे किलोग्रॅम केले की ०.००८१४ होतात. दशांश स्थळे दोनाची पाच झाली, सार्थ अंक तीनचे तीनच राहिले. एकक बदलल्याने मोजमाप अधिक अचूक होत नाही, त्यामुळे हे ठीकच आहे.

आता ॲल्युमिनियमच्या तीन तुकड्यांची घनता घेऊ. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. मोजपात्रावर १ मि.ली.च्या खुणा आहेत आणि वाचन अर्ध्या खुणेपर्यंत घेतले आहे.

तक्ता १. पाण्याच्या विस्थापनाने काढलेली ॲल्युमिनियमच्या तुकड्यांची घनता (तराजू ०.०१ ग्रॅम; मोजपात्राचे वाचन ०.५ मि.ली.पर्यंत)

| तुकडा | वस्तुमान (ग्रॅम) | आधीची पातळी (मि.ली.) | नंतरची पातळी (मि.ली.) | आकारमान (मि.ली.) | घनता (ग्रॅम/मि.ली.) |
|---|---|---|---|---|---|
| अ | ८.१४ | ५०.० | ५३.० | ३.० | २.७ |
| आ | २६.९३ | ५०.० | ६०.० | १०.० | २.६९ |
| इ | ५४.९० | ५०.० | ७०.५ | २०.५ | २.६८ |

वस्तुमानाचा रकाना पाहा. पहिल्या ओळीत तीन सार्थ अंक, बाकी दोन्हींत चार. इथे सार्थ अंक सारखे करायला गेलात तर २६.९३ चे २६.९ होतील, म्हणजे तराजूने दिलेली माहिती आपणच फेकून देऊ. थेट वाचनाच्या रकान्यात दशांश स्थळे सारखी हवीत, कारण उपकरण एकच आहे. ५४.९० मधले शेवटचे शून्यही शोभेचे नाही, तेही वाचलेलेच आहे.

आकारमान वजाबाकीतून आले आहे. बेरीज-वजाबाकीत दशांश स्थळांचाच नियम चालतो, म्हणून उत्तरातही एक दशांश स्थळ. पण पहिल्या ओळीत काय झाले बघा: ५३.० आणि ५०.० या तीन-तीन सार्थ अंकांच्या संख्यांतून ३.० हे दोनच सार्थ अंकांचे उत्तर निघाले. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की असे अंक गळतात, आणि इथे घनतेतला बहुतेक कमकुवतपणा इथूनच येतो.

घनता भागाकारातून येते, तिथे सार्थ अंक बोलतात. कॅल्क्युलेटर पहिल्या ओळीला २.७१३३३ दाखवतो, पण ३.० मुळे आपल्याला २.७ वरच थांबावे लागते. खालच्या ओळी तीन अंकांच्या. रकाना थोडा वाकडा दिसतो. दिसू द्या, २.७ पुढे शून्य चिकटवून तो सरळ करू नका.

खरे तर हा नियमही ढोबळच आहे. 'आ' तुकड्याचे आकारमान अर्ध्या मि.ली.ने इकडेतिकडे असेल, तर घनता २.५६ ते २.८३ यांच्यात कुठेही असू शकते. मग २.६९ मधल्या ९ वर कितीसा विश्वास ठेवायचा? अनिश्चितता काढलेली असेल तर तिच्यावरूनच अंक ठरवावेत आणि २.७ ± ०.१ असे लिहावे. सार्थ अंकांचा नियम ती काढलेली नसते तेव्हापुरता.

स्प्रेडशीट हा गोंधळ वाढवते. ५४.९० टाइप केले की ती मुकाट्याने ५४.९ दाखवते. त्यासाठी वस्तुमानाच्या रकान्याला `0.00` हा नंबर फॉरमॅट द्या. फॉरमॅट फक्त दिसणे बदलतो, `ROUND` मात्र मूल्यच बदलते. म्हणून आकडेमोड चालू असताना फॉरमॅटच वापरावा आणि `ROUND` अगदी शेवटच्या रकान्यात. एक्सेलमध्ये सार्थ अंकांचे तयार फंक्शन नाही, त्यामुळे तीन अंकांसाठी असे काहीतरी लिहावे लागते (मूल्य शून्य नसेल तर):

```
=ROUND(F2, 2-INT(LOG10(ABS(F2))))
```

हे २.६७८०५ चे २.६८ करते. पण उत्तर २.७० येणार असेल तर पडद्यावर २.७ दिसते, ते शून्य हाताने परत आणावे लागते.

एकके रकान्याच्या मथळ्यात एकदाच लिहावीत, खाली नुसत्या संख्या. तक्त्याच्या शीर्षकात फक्त 'निरीक्षण तक्ता' लिहून भागत नाही. वरच्या शीर्षकात पद्धत आणि उपकरणांची वाचनक्षमता आहे, म्हणून घनता कुठे दोन, कुठे तीन अंकांत का, हे वाचणाऱ्याला मजकूर न धुंडाळता कळते.