सोंगणीनंतर सुजलेली बोटं

समजा, यवतमाळकडच्या एका गावातली बावीस वर्षांची सून. ऑक्टोबरात तिनं सोयाबीनच्या सोंगणीची मजुरी केली. दिवाळीच्या सुमारास सकाळी उठल्यावर बोटं वळेनाशी झाली. ज्वारीचं पीठ मळायलाही तासभर थांबावं लागायचं. दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं सारखीच दुखत होती. सासू म्हणाली, "चिकनगुनिया झाला असंन तुले." थकवा एवढा, की झोपून उठली तरी अंग गळालेलंच. गावच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन 8 निघालं आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गालांवर डाग उठले, त्यांना सगळ्यांनी वांग ठरवलं.

विदर्भात ही गल्लत सोपी आहे. इथं सिकलसेल आहे आणि त्यातही सांधे दुखतात, रक्त कमी होतं. म्हणून ती तपासणी आधी करणं बरोबरच. पण सिकलसेलमुळे दोन्ही गालांवर पुरळ येत नाही. तसं पुरळ ल्यूपस नावाच्या आजारात येतं. वांग तपकिरी, सपाट असतो, महिनोन्‌महिने तसाच राहतो. ल्यूपसचं पुरळ बऱ्याचदा किंचित उंचावलेलं असतं, उन्हानं भडकतं आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी बहुधा सोडून देतं. पुस्तकातल्या गोऱ्या चेहऱ्यावर ते लालभडक दिसतं, आपल्या सावळ्या गालांवर जांभळट किंवा नुसतं काळपट. त्यामुळेच ते वांग म्हणून खपून जातं. त्यात कुणी दुकानातून स्टेरॉइडची मलम आणून चोळली, की काही दिवस सगळं झाकलं जातं.

ल्यूपस हा शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं स्वतःवरच उलटण्याचा आजार. दहा रुग्णांपैकी साधारण नऊ बायका आणि त्यातल्या बहुतेकींचा आजार 15 ते 45 या वयात सुरू होतो. या यंत्रणेचा राग असतो पेशीच्या केंद्रकावर. एएनए ही तपासणी हेच शोधते. रक्तातला द्रव पातळ करत जातात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर टाकतात. केंद्रकाला प्रतिपिंडं, म्हणजे या यंत्रणेनं बनवलेली शस्त्रं, चिकटली तर सूक्ष्मदर्शकाखाली ते चमकतं. 1:320 म्हणजे द्रव 320 पट पातळ केला तरी चमक दिसली.

आपल्या सुनेचा अहवाल 1:320 आला. तरी लगेच 'ल्यूपस' म्हणता येत नाही. धडधाकट माणसांतही शंभरात साधारण तेरा जणांचा एएनए 1:80 ला आणि तिघांचा 1:320 ला पॉझिटिव्ह येतो. उलट, तो निगेटिव्ह आला तर ल्यूपसची शक्यता फारच कमी. म्हणजे ही तपासणी दार उघडणारी, निकाल देणारी नव्हे. निकालाकडे नेतात पुढच्या तपासण्या: डीएनएविरोधी आणि स्मिथ प्रतिपिंडं, सी3-सी4 या प्रथिनांची घट आणि लघवीतलं प्रथिन. तिची डीएनएविरोधी प्रतिपिंडं वाढलेली होती, सी3 खाली होतं, लघवीत प्रथिनाचा अंश होता.

आता उन्हाकडे. सूर्याच्या अतिनील किरणांनी कातडीतल्या काही पेशी मरतात. हे सगळ्यांचंच होतं, आणि शरीर ती मढी झटपट उचलतं. ल्यूपसमध्ये हा उचल-कारभार मंद असतो. मग केंद्रकातला माल उघडा पडून राहतो, म्हणजे नेमकं तेच, ज्यावर प्रतिपिंडं टपलेली आहेत. ती चिकटतात, गुठळे बनतात. संरक्षण पेशींना वाटतं विषाणू शिरला. त्या इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडतात आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी आणखी चेतवतात. गुठळे रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकू शकतात. ऊन लागतं गालाला, मार बसू शकतो मूत्रपिंडाला. शिवाय पुरळ काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी उठतं; म्हणून सोंगणीचा आणि दुखण्याचा संबंध कुणाला लागत नाही.

आणि इथं वैदर्भीय माणूस फसतो. मे महिन्यात आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, कारण तेव्हा ऊन भाजतं. पण अतिनील किरणांची धग जाणवत नाही, ते ढगातूनही बऱ्यापैकी येतात. कापूस वेचणीचं डिसेंबरातलं ऊन गोड वाटतं, पण दुपारी बारा वाजता आपली सावली पाहा: जेमतेम आपल्या उंचीएवढी. सावली उंचीएवढी किंवा आखूड म्हणजे किरण जोरात आहेत.

शेतात महागड्या क्रीमपेक्षा कापड कामाचं. आपल्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, तोच उत्तम, पण घट्ट विणीचा. कापड उजेडाकडे धरा. आरपार दिसलं तर किरणही येणार. झिरझिरीत, ओलं पांढरं कापड फसवं. उघडे राहणारे गाल, कान, हातांचे पंजे यांना एसपीएफ 30 किंवा जास्तीचं क्रीम लावायचं, घाम आला की पुन्हा. वेचणी सकाळी लवकर, भर दुपारी धुऱ्यावरच्या सावलीत. घरात कोंडून घ्यायची गरज नाही. मात्र असं झाकून राहिल्यानं व्हिटॅमिन डी कमी होऊ शकतं, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सगळ्या तपासण्या मिळून तिचा आजार ल्यूपसच ठरला आणि तिला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्यावरचं औषध सुरू झालं. वजन 45 किलो, दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणून 200 मिलिग्रॅमची एक गोळी. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि नेमक्या त्याच काळात लोक ती सोडतात. दिवस राहिले की "बाळाला बाधेल" म्हणून घरचे थांबवतात, तेही चूक. ही गोळी गरोदरपणात चालते, थांबवल्यावर आजार उसळू शकतो. डोळ्यांचा पडदा मात्र सुरुवातीला आणि पुढं ठरल्या वेळी तपासून घ्यावा लागतो. लघवीची तपासणी दर तीन महिन्यांनी, बोटं नीट वळत असली तरी. मूत्रपिंड बिघडायला लागतं तेव्हा दुखत काहीच नाही, फार तर लघवीला फेस येतो आणि संध्याकाळी पायांवर जोडव्यांचा वळ उमटतो.