हातमागाची साडी ऑनलाइन विकताना अर्ज का परत येतो?

येवल्यात घरच्या मागावर महिन्याला दोन पैठण्या विणणारी एक मुलगी धरा. साडी १५ हजारांची, म्हणजे वर्षाची उलाढाल ३ लाख ६० हजार. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खोटं नाही. तरी ऑनलाइन कंपनीकडे विक्रेता व्हायला गेली की तिच्याकडे जीएसटी क्रमांक मागतात, कारण अशा कंपनीमार्फत विकायचं तर ही सूट सरसकट चालत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीऐवजी एक पर्याय आहे. जीएसटी पोर्टलवर पॅन, व्यवसायाचा पत्ता आणि राज्य भरून नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, तो कंपनीला द्यायचा. त्यावर विक्री मात्र फक्त राज्यातच करता येते.

माणसं अडकतात ती इथेच. हातमागाचं कापड हस्तकलेच्या यादीत आहे. त्यामुळे २० लाखांच्या आत नोंदणीशिवाय परराज्यात थेट माल पाठवता येतो. पॅन हवं आणि साडी कितीही किमतीची असो, मालवाहतुकीचं ई-वे बिल हवं. पण नावनोंदणी क्रमांकाची अट आहे की परराज्यात अजिबात विक्री नको, कंपनीमार्फत नाही आणि स्वतःहूनही नाही. म्हणजे व्हॉट्सअॅपवर ठरलेली एक साडी हैदराबादला गेली तरी अट मोडली. दोन्ही सवलती एकत्र चालत नाहीत, हे अर्जाच्या पानावर ठळक लिहायला कुणाचं काय जात होतं?

म्हणून आधी गिऱ्हाईक कुठलं आहे ते बघा. ऑनलाइन कंपनी आणि परराज्य दोन्ही हवं असेल तर सरळ नोंदणी करा. मग १५ हजारांच्या किमतीतच ५ टक्के कर धरला तर सुमारे ७१४ रुपये त्यात जातात. कंपनी करपूर्व किमतीवर आणखी अर्धा टक्का, सुमारे ७१ रुपये, कापते. ते तुमच्या खात्यात जमा दिसतात आणि कर भरायला वापरता येतात. रेशीम-जरीवर भरलेला कर वजा होतो, पण पक्कं बिल असेल तरच. कच्च्या पावतीवर काही मिळत नाही. विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क.

नोंदणीत फाटे फुटतात ते जागेच्या पुराव्यावरून. माग घरात, वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर. घर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतिपत्र बिलासोबत जोडतात, पण इथे संमती द्यायला माणूसच नाही. आधी बिल किंवा घरपट्टी वारसाच्या नावावर करून घ्या, मग अर्ज करा.

आणि अर्जात ईमेल, मोबाइल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. शंका काढणारी नोटीस तिथेच येते आणि उत्तराला कामकाजाचे फक्त ७ दिवस असतात.