इलेक्ट्रॉनचं फिरणं, त्याचं चुंबकत्व आणि न बदलणारं गुणोत्तर

तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहू लागली की ते वेटोळं छोट्या चुंबकासारखं वागतं. हा चुंबक किती जोरकस आहे हे सांगणाऱ्या राशीला चुंबकीय परिबल म्हणतात. बहुतेकांनी कॉलेजात ती 'मॅग्नेटिक मोमेंट' या नावाने शिकलेली असते. तिचं सूत्र अगदी साधं आहे. वेटोळ्यातला प्रवाह गुणिले वेटोळ्याने वेढलेलं क्षेत्रफळ, म्हणजे μ = IA.

आता तार काढून टाकू आणि तिच्या जागी अणुकेंद्राभोवती गोल फिरणारा एकच इलेक्ट्रॉन ठेवू. एका बिंदूपाशी बसून मोजलं, तर प्रत्येक फेरीत e एवढा विद्युतभार आपल्यासमोरून एकदा जातो. एका फेरीला T एवढा वेळ लागत असेल तर प्रवाह झाला e/T. कक्षेची त्रिज्या r आणि वेग v असेल तर T = 2πr/v. हे सगळं सूत्रात घातलं की μ = evr/2 मिळतं.

याच इलेक्ट्रॉनच्या फिरण्याचा जोर सांगणारी राशी म्हणजे कोनीय संवेग. वस्तुमान m असेल तर तो L = mvr. परिबलाला कोनीय संवेगाने भागलं की v जातो, r जाते आणि उरतं फक्त e/2m.

या उत्तरापाशी थोडं थांबायला हवं. कक्षा लहान आहे की मोठी, इलेक्ट्रॉन रेंगाळतोय की सुसाट धावतोय, याचा मागमूसही उत्तरात नाही. इलेक्ट्रॉनचा भार आणि त्याचं वस्तुमान एवढंच तिथे आहे, आणि या दोन्ही गोष्टी सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या सारख्याच असतात. आकड्यांत सांगायचं तर हे गुणोत्तर सुमारे 8.8 × 10¹⁰ कूलोम प्रति किलोग्रॅम इतकं येतं. इलेक्ट्रॉनचा भार ऋण असल्यामुळे परिबल आणि कोनीय संवेग यांच्या दिशा मात्र एकमेकींच्या उलट असतात.

हायड्रोजनसाठी बोरने 1913 मध्ये मांडलेल्या चित्रात हे करून पाहू. पहिल्या कक्षेची त्रिज्या 0.53 × 10⁻¹⁰ मीटर आणि वेग सेकंदाला सुमारे 2,200 किलोमीटर. म्हणजे इलेक्ट्रॉन एका सेकंदात जवळपास 6.6 × 10¹⁵ फेऱ्या मारतो. एका इलेक्ट्रॉनचा भार 1.6 × 10⁻¹⁹ कूलोम इतका नगण्य, तरी या फेऱ्यांमुळे प्रवाह तब्बल एक मिलिअँपिअर होतो. एकट्या अणूतला प्रवाह साध्या मीटरवर मोजता येईल इतका निघावा, याचं मला आजही नवल वाटतं. पण वेढलेलं क्षेत्रफळ फारच चिमुकलं असल्यामुळे परिबल 9.27 × 10⁻²⁴ अँपिअर-मीटर² एवढंच भरतं. याच राशीला बोर मॅग्नेटॉन म्हणतात.

दुसऱ्या कक्षेत त्रिज्या चौपट होते आणि वेग निम्मा. फेरीला आठपट वेळ लागतो, म्हणून प्रवाह आठव्या हिश्श्यावर येतो. क्षेत्रफळ मात्र सोळापट होतं. एकूण परिबल दुप्पट. कोनीय संवेगही चारपट त्रिज्या आणि निम्मा वेग मिळून दुप्पटच. दोन्ही राशी बदलल्या, पण गुणोत्तर जागचं हललं नाही.

कक्षा गोलच हवी असंही नाही. केंद्राकडे ओढणाऱ्या बलाखाली फिरणारी वस्तू ठरावीक वेळात ठरावीक क्षेत्रफळ व्यापते, हा केप्लरचा ग्रहांसाठीचा नियम. क्षेत्रफळ व्यापण्याचा हा वेग नेमका L/2m असतो. एका फेरीतलं क्षेत्रफळ त्यामुळे LT/2m, आणि त्याला e/T या सरासरी प्रवाहाने गुणलं की T निघून जातो. लंबवर्तुळातही e/2m हेच उत्तर येतं. खरं कारण असं की भार आणि वस्तुमान दोन्ही एकाच कणावर, एकाच वाटेने वाहून नेले जातात. वाट कशीही असली तरी दोघांचा हिशेब सारखाच होतो.

बोरचं चित्र पुढे मागे पडलं. आजच्या पुंजयामिकीनुसार हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत कक्षेमुळे येणारा कोनीय संवेग शून्य असतो, त्यामुळे कक्षीय परिबलही शून्यच. जिथे तो शून्य नसतो तिथे मात्र e/2m हेच गुणोत्तर कायम राहतं.

एकेका अणूत डोकावायची सोय नसताना हे तपासायचं कसं? लोखंडाचं चुंबकत्व जर फिरत्या इलेक्ट्रॉनांमुळे असेल, तर लोखंडाची सळई चुंबकित करून ती दिशा झटकन उलटवली की आतल्या इलेक्ट्रॉनांचा कोनीय संवेगही उलटा होणार. एकूण संवेग राखला जायचा तर सळईलाच थोडं फिरावं लागेल. आइन्स्टाइन आणि डी हास यांनी 1915 मध्ये बर्लिनमध्ये हे करून पाहिलं.

परिणाम किती लहान असतो ते काढता येतं. दोन मिलिमीटर जाडीची, पूर्ण चुंबकित लोखंडी सळई मोकळी टांगली आणि तिची दिशा एकदा उलटवली, तर e/2m धरून तिला सेकंदाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वेग मिळेल. पूर्ण गिरकीला दहा मिनिटांहून अधिक वेळ! म्हणून त्यांनी सळईभोवतीच्या वेटोळ्यात उलटसुलट प्रवाह सोडला आणि त्याची वारंवारता सळईच्या पिळाच्या नैसर्गिक आंदोलनाशी जुळवली. त्यामुळे प्रत्येक हिसका आधीच्या हिसक्यात भर घालत जातो. सळईवरच्या आरशातून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या पट्ट्यावरून हेलकावा मोजता येतो. अडचण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची. चुंबकित सळई जराशी तिरकी असली तरी ते क्षेत्र तिला फिरवतं आणि हवा तो परिणाम त्यात बुडून जातो. ते क्षेत्र आणखी वेटोळी लावून रद्द करावं लागतं.

त्यांचं उत्तर अपेक्षेच्या 1.02 पट आलं आणि सिद्धान्त खरा ठरल्यासारखं वाटलं. मात्र त्यांच्या मापनांच्या दुसऱ्या एका संचातून 1.45 पट आलं होतं. ते त्रुटींमुळे असावं असं मानून बाजूला ठेवलं गेलं. पुढच्या काही वर्षांत इतरांनी अधिक काळजीपूर्वक मोजलं तेव्हा गुणोत्तर e/2m च्या जवळजवळ दुप्पट निघालं. सळई अपेक्षेच्या निम्म्याच वेगाने फिरत होती.

दुप्पट गुणोत्तर कुठल्याही कक्षेतून मिळू शकत नाही. वरच्या हिशेबात r आणि v उरतच नाहीत, मग बदलायचं तरी काय? म्हणजे लोखंडाचं चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या कक्षेतून येतच नव्हतं. 1925 मध्ये उलेनबेक आणि गाउड्स्मिट यांनी इलेक्ट्रॉनला स्वतःचा असा कोनीय संवेग, म्हणजे स्पिन, असल्याचं मांडलं. स्पिनसाठी हे गुणोत्तर e/m, म्हणजे कक्षेच्या दुप्पट असतं.

लोखंडाच्या स्फटिकात शेजारच्या अणूंच्या विद्युत क्षेत्रामुळे कक्षीय परिबल जवळपास दाबून टाकलं जातं, पण पूर्ण नाही. आजच्या अचूक मापनांत लोखंडासाठी पूर्ण दोन पट न येता सुमारे 1.92 पट येतं. दोनमधल्या या तुटीवरून हिशेब केला तर लोखंडाच्या चुंबकत्वातला साधारण चार टक्के भाग अजूनही इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय फिरण्यातून येतो, असं निघतं.