मॅलोक्लूजनचे वर्गीकरण : पहिल्या दाढेवरून

वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर त्या बैठकीतल्या दोषाला दंतवैद्यक मॅलोक्लूजन म्हणते. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये या दोषांचे तीन वर्ग पाडले. ते पाडताना त्यांनी दिसणाऱ्या पुढच्या दातांऐवजी मागची दाढ प्रमाण धरली. आजही तारा लावण्याआधीच्या तपासणीत केसपेपरवर पहिली नोंद बहुधा याच वर्गाची होते. ‘क्लास थ्री’ वाचून सोलापुरातला एखादा पालक हा आकडा कॅन्सरच्या ‘थर्ड स्टेज’सारखा घेतो आणि घाबरतो. इथे आकडा तीव्रता सांगत नाही. खालची दाढ वरच्या दाढेच्या तुलनेत कुठे आहे, एवढेच तो सांगतो.

ही दाढ म्हणजे साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कुठलाही दात न पडता उगवते. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. वरच्या दाढेला गालाच्या बाजूने दोन उंचवटे असतात. खालच्या दाढेला त्याच बाजूने तीन उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. मुलाला मागच्या दाढा मिटायला सांगायचे, आरशाने गाल बाजूला धरायचा आणि वरच्या दाढेचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या पुढच्या खाचेच्या संदर्भात कुठे बसतो ते पाहायचे. हे डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे पाहावे लागते. मूल संकोचाने जबडा पुढे सरकवून चावत असेल तर वाचन चुकते, म्हणून आधी एकदा थुंकी गिळायला लावून मग दात मिटवून घेणे बरे.

उंचवटा बरोबर खाचेत बसला तर वर्ग एक. उदाहरणार्थ, जुळे सोलापुरातली तेरा वर्षांची मुलगी. वरचा उजवा सुळा ओळीत जागा न मिळाल्याने हिरडीत उंचावर, ‘दातावर दात’ आलेला. आईच्या दृष्टीने सगळ्यात वाईट दिसणारे दात हिचेच, तरी दोन्ही बाजूंच्या दाढा एकमेकींत चपखल बसलेल्या. जबड्यांचे पुढे-मागे नाते ठीक आहे, कमी पडली आहे ती जागा. वरचा सुळा अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, शेजारचे दात आल्यावर येतो, म्हणून दाटीचा फटका बहुधा त्यालाच बसतो.

खालची दाढ मागे राहिली, म्हणजे वरचा उंचवटा खाचेच्या पुढे पडला, तर वर्ग दोन. पूर्ण फरक असेल तर हा उंचवटा खालच्या दाढेच्या आणि तिच्या पुढच्या उपदाढेच्या फटीत येतो. अकरा वर्षांचा मुलगा घ्या. वरचे पटाशीचे दात पुढे, ओठ मिटत नाहीत, खालचा ओठ त्या दातांमागे अडकतो. वरच्या आणि खालच्या दातांमधले आडवे अंतर पट्टीने मोजले तर ९ मिलिमीटर भरते, एरवी ते २ ते ३ मिलिमीटर असते. सायकलवरून पडला तर पहिला मार याच दातांना. याच वर्गाच्या दुसऱ्या प्रकारात मधले दोन दात उलट आत झुकलेले असतात आणि खालचे दात त्यांच्यामागे जवळजवळ झाकून जातात. असे मूल दिसायला ठीकठाक असते, म्हणून ते तपासणीतून सुटते.

वरचा उंचवटा खाचेच्या मागे पडला तर वर्ग तीन. अशा तरुणाचे खालचे दात वरच्यांच्या पुढे असतात, हनुवटी पुढे आलेली, आणि बऱ्याचदा वडिलांची ठेवणही तशीच. कडक भाकरीचा तुकडा त्याला पुढच्या दातांनी तोडता येत नाही, तो बाजूच्या दातांनी तोडतो. मात्र काही मुलांचा जबडा मुळात ठीक असतो. पुढचे दात आधी एकमेकांवर आपटतात, म्हणून ते मूल जबडा पुढे सरकवून चावते. जबडा हलकेच मागे नेल्यावर पुढचे दात टोकाला टोक भिडत असतील, तर हा खोटा वर्ग तीन समजावा.

वर्गीकरणाची खरी मेख मात्र वेगळी आहे. अँगल यांनी वरची पहिली दाढ जवळजवळ अढळ मानली होती, आणि ती तशी नसते. समजा, नवी पेठेत राहणारी नऊ वर्षांची मुलगी आहे. साडेसहाव्या वर्षी तिची वरची डावी, दुधाची दुसरी दाढ किडून ठणकू लागली. आजी म्हणाली, ‘दुधाचीच आहे, काढून टाका.’ दाढ काढली, पण जागा राखणारी कडी बसवली नाही. मागची कायमची दाढ हळूहळू पुढे सरकली. आज उजवीकडे उंचवटा खाचेत आहे आणि डावीकडे पूर्ण पुढे. नियमाने नोंद होईल : वर्ग दोन, फक्त डावी बाजू. तेवढ्यावर थांबले तर खालचा जबडा मागे आहे असा समज होऊन तो पुढे आणणारे उपकरण दिले जाण्याची भीती.

आता बाकीच्या खुणा पाहा. पुढच्या दातांचे अंतर ३ मिलिमीटर, म्हणजे ठीक. खालच्या दातांची मधली रेषा चेहऱ्याच्या मध्याशी जुळते. वरची डावी दाढ नुसती पुढे आलेली नाही, तर टाळूकडच्या मुळाभोवती फिरली आहे, तिचा पुढचा गालाकडचा कोपरा आत वळला आहे. तिच्या पुढे दुसऱ्या उपदाढेला साधारण ७ मिलिमीटर जागा हवी, उरली आहे ३. म्हणजे दाढ पुढे आल्याने अंदाजे ४ मिलिमीटर जागा कमी पडली. जबडे जागच्या जागी आहेत. इथे काम वरच्या दाढेला मागे नेण्याचे, तेही उपदाढ उगवायच्या आत. खालच्या दुधाच्या दाढेबाबत हेच घडले तर उलट फसगत होते : खालची दाढ पुढे कलते आणि मुळातला वर्ग दोन हा वर्ग एक असल्यासारखा दिसू लागतो. म्हणून शंका असेल तिथे चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, सेफॅलोग्राम, पाहून जबड्यांचे नाते वेगळे ठरवतात.

शाळेतल्या शिबिरात आणखी एक चूक होते. सात-आठ वर्षांच्या कित्येक मुलांत उंचवटा खाचेत नसतो, उंचवट्यावर उंचवटा येतो. यांना घाईने वर्ग दोन म्हणू नये. दुधाचा सुळा आणि दाढा मिळून त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या सुळा-उपदाढांपेक्षा रुंद असतात. ते दात पडले की खाली प्रत्येक बाजूला सुमारे १.७ मिलिमीटर जागा सुटते, वर सुमारे ०.९. खालची दाढ जास्त पुढे सरकते, शिवाय खालचा जबडाही वाढत असतो, आणि बऱ्याच मुलांत बारा वर्षांपर्यंत उंचवटा आपसूक खाचेत येऊन बसतो. शिबिराच्या कार्डावर अशा मुलासाठी ‘उंचवट्यावर उंचवटा, पुन्हा पाहणे’ एवढेच लिहावे.