बेपत्ता पतीला कायद्याने मृत ठरवून घेणे: गोव्यात चार वर्षांची मुदत कशासाठी आणि सात वर्षांची कशासाठी

घरातील माणूस वर्षानुवर्षे परतला नाही, त्याचा मृतदेह सापडला नाही आणि तो जिवंत असल्याची खबरही कोणाला लागली नाही, तर सात वर्षांनी तो आपोआप मृत ठरतो, असा समज गोव्यात सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कोणताही माणूस आपोआप मृत ठरत नाही. पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये असलेली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आलेली तरतूद इतकेच सांगते की, ज्यांना त्या माणसाची खबर स्वाभाविकपणे लागली असती, अशा लोकांना सात वर्षे ती लागली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर जातो. हे गृहीतक न्यायालयात प्रश्न उपस्थित झाल्यावरच कामाला येते. शिवाय गोव्यात पुनर्विवाहासाठी चार वर्षांची वेगळी मुदत आहे, आणि या दोन मुदतींची गल्लत झाली की पत्नीचे नुकसान होते. म्हणून येथे पती बेपत्ता झालेल्या स्त्रीचे प्रकरण समोर ठेवून प्रक्रिया सांगितली आहे.

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील अडचणी नेहमीच्या आहेत. समजा, डिचोली तालुक्यातील एक ट्रकचालक 3 ऑक्टोबर 2017 रोजी कामासाठी घरातून निघाला. 9 ऑक्टोबरला त्याने आईला फोन केला आणि त्यानंतर त्याचा काहीही पत्ता लागला नाही. मागे पत्नी, दोन मुले, पती-पत्नीच्या संसारातील एक हजार चौरस मीटर जमीन आणि पाच लाख रुपयांची विमा पॉलिसी आहे.

पहिला प्रश्न मुदत कोठून मोजायची हा. ती माणूस घरातून निघाला त्या दिवसापासून नव्हे, तर त्याची शेवटची खबर लागली त्या दिवसापासून मोजावी लागते. येथे तो दिवस 9 ऑक्टोबर 2017 आहे, त्यामुळे सात वर्षे 9 ऑक्टोबर 2024 रोजी पूर्ण होतात. पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची नोंद केव्हा झाली यावर ही मुदत अवलंबून नसते, तरीही उशिरा केलेली नोंद पुराव्याच्या दृष्टीने महागात पडते. पती कामाच्या ठिकाणी राहिला असेल म्हणून दोन वर्षे थांबलेल्या पत्नीला त्या दोन वर्षांचा शोध कागदावर दाखवता येत नाही. त्यामुळे नोंद ताबडतोब करावी, तिची प्रत घ्यावी आणि पुढे शोध लागला नसल्याचा पोलिसांचा लेखी अहवालही मागून घ्यावा.

सात वर्षे पूर्ण झाल्यावर स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, 1963 च्या कलम 34 खाली दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा दाखल करता येतो. पती मृत असल्याचे गृहीत धरावे एवढीच मागणी करून थांबू नये. त्या घोषणेवरून पुढे जे हवे आहे, म्हणजे मृत्यूची नोंद करून दाखला देण्याचा निबंधकाला आदेश किंवा पॉलिसीची रक्कम, तेही दाव्यात मागावे आणि संबंधित कार्यालये व पतीचे जवळचे नातलग यांना प्रतिवादी करावे. राज्य सरकारला प्रतिवादी करायचे असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे आधी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. ही नोटीस विसरल्याने दावे अडकतात, म्हणून सातवे वर्ष संपत आले की तिची तयारी करून ठेवलेली बरी.

दाव्यासोबत विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पतीच्या ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, पोलिसांची नोंद व अहवाल, वर्तमानपत्रात दिलेल्या शोधसूचनांची कात्रणे, पतीच्या बँक खात्याचा संपूर्ण काळाचा उतारा, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि पॉलिसीचे कागद जोडावेत. यांपैकी बँकेचा उतारा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खात्यातून 2019 मध्ये एटीएममधून पैसे काढले गेल्याचे दिसले, तर ते कोणी काढले याचा खुलासा पत्नीला करावा लागेल, आणि तो समाधानकारक नसेल तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाण्याचा धोका असतो. साक्षीदार निवडतानाही हाच विचार करावा. शेवटचा फोन आईला आला होता, म्हणून आईची साक्ष हवीच. पत्नीचे सासरशी पटत नाही म्हणून आईला आणि भावाला बाजूला ठेवले, तर ज्यांना खबर लागली असती त्यांनाच विचारले नाही, असा रास्त आक्षेप येतो.

बोट उलटली किंवा पुरात माणूस वाहून गेला आणि प्रेत मिळाले नाही, तर सात वर्षे थांबण्याची सक्ती नसते. अशा वेळी गृहीतकाचा आधार न घेता प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी आणि परिस्थितीजन्य पुरावा यांवरून मृत्यू झाल्याचेच सिद्ध करता येते.

विम्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक हप्ते थांबवण्याची होते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या प्रकरणात स्पष्ट केले की, सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, पण तो कोणत्या तारखेला झाला याचे गृहीतक नसते. वेगळा पुरावा नसेल, तर न्यायालयात प्रश्न उपस्थित झाला तेव्हा माणूस मृत होता, एवढेच धरता येते. त्यामुळे बेपत्ता झाल्याच्या दिवशीच मृत्यू झाला, म्हणून त्या दिवशी चालू असलेल्या पॉलिसीची पूर्ण रक्कम द्या, ही मागणी टिकत नाही.

आपल्या उदाहरणात 2009 मध्ये वीस वर्षांसाठी घेतलेल्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता 24,000 रुपये आहे आणि तो दर मार्चमध्ये भरायचा आहे. मार्च 2018 पर्यंत दहा हप्ते भरले आणि नंतर घरची ओढाताण झाल्याने ते थांबले. जानेवारी 2025 मध्ये दावा दाखल होईपर्यंत 2019 ते 2024 या वर्षांचे सहा हप्ते, म्हणजे 1,44,000 रुपये, भरले असते तर पाच लाखांचा दावा उभा राहिला असता. ते न भरल्यामुळे पॉलिसी पेड-अप झाली आणि वीसपैकी दहा हप्त्यांच्या प्रमाणात अडीच लाख रुपये, अधिक तोवर जमा झालेला बोनस, एवढ्यावरच पत्नीला थांबावे लागते. ज्या घरात कमावता माणूसच नाही, तेथे हप्ता भरा म्हणणे कठोर वाटते याची मला जाणीव आहे, पण नातलगांना काही मदत करायची असेल तर ती या हप्त्यासाठी करावी. अपघाती मृत्यूचा जादा लाभ मात्र या मार्गाने मिळत नाही, कारण मृत्यू गृहीत धरला तरी त्याचे कारण गृहीत धरले जात नाही.

पुनर्विवाहासाठी गोव्यातील कौटुंबिक कायदा पाहावा लागतो. हिंदू विवाह कायदा गोव्याला लागू केलेला नसून येथे 1910 चे पोर्तुगीजकालीन विवाह व घटस्फोटाचे कायदे चालतात. घटस्फोटाच्या कायद्यातील चौथ्या कलमात, जोडीदार किमान चार वर्षे काहीही खबर न लागता गैरहजर असणे, हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातील पत्नीला ऑक्टोबर 2021 नंतर घटस्फोटाचा अर्ज करता आला असता आणि त्यासाठी पतीला मृत ठरवण्याची गरजही नव्हती. लग्न सावंतवाडीला लागून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदले गेले असेल, तर त्या कायद्याच्या कलम 13 मध्ये या कारणासाठी सात वर्षांची मुदत आहे. म्हणून लग्न कोठे आणि कोणत्या कायद्याखाली नोंदले गेले, हे आधी वकिलाला दाखवावे. चर्चमध्ये लागलेल्या लग्नाबाबतही वेगळा सल्ला घ्यावा.

सात वर्षे झाली की दुसरे लग्न करायला हरकत नाही, असे सांगणारे लोक भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 मधील अपवादाचा आधार घेतात. त्या अपवादाप्रमाणे, सात वर्षे जोडीदाराची खबर नसेल आणि नव्या जोडीदाराला खरी परिस्थिती लग्नापूर्वी सांगितली असेल, तर द्विभार्या-द्विपतिकत्वाचा गुन्हा होत नाही. गुन्हा झाला नाही म्हणून लग्न वैध ठरले, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. पहिला पती परत आला, तर घटस्फोट घेऊन केलेले दुसरे लग्न अबाधित राहते, आणि केवळ गृहीतकाच्या भरवशावर केलेले लग्न वादात सापडते. पुनर्विवाह करायचा असेल तर घटस्फोटाचा हुकूम घेऊन सिव्हिल रजिस्ट्रारकडील पहिल्या लग्नाच्या नोंदीवर त्याची दखल घेतली गेली आहे ना, हे पाहूनच पुढे जावे. पुनर्विवाहाचा विचार नसेल, तर केवळ चार वर्षे झाली म्हणून घटस्फोट घेऊ नये, असे माझे मत आहे. घटस्फोटानंतर ती त्याची विधवा म्हणून काहीही मागू शकणार नाही.

वारशाच्या बाबतीत गोव्यातील पत्नीची बाजू पुष्कळ भक्कम असते. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि तिचा अर्धा हिस्सा हा वारसा नसून तिची स्वतःची मालकी असते. एक हजार चौरस मीटरपैकी पाचशे तिचे आहेत, आणि पतीला मृत ठरवल्यावर फक्त उरलेल्या पाचशेचा वारसा उघडून दोन मुलांना प्रत्येकी अडीचशे मिळतात. तोवर पतीच्या गैरहजेरीत मालमत्तेचा कारभार पत्नी पाहू शकते, पण स्थावर मालमत्ता विकायला दोघांची संमती लागत असल्याने विक्री अडून राहते. घटस्फोटामुळे तिचा हिस्सा वेगळा करता येतो, पण पतीचा अर्धा भाग त्याच्याच नावावर राहतो.

मृत्यूचा दाखला हाती आल्यावर, वाद नसेल तर 2012 च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त करून घेता येतो. वाटणीवर मतभेद असतील, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याची कार्यवाही, दाखल करावी लागते. त्यानंतरच एक-चौदावरील नाव बदलण्यासाठी अर्ज करावा.

येथे एक गुंतागुंत अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, बेपत्ता पतीचे वडील 2020 मध्ये वारले. तेव्हा मुलगा जिवंत होता असे धरले, तर वडिलांकडून आलेला त्याचा वाटा सामाईक मालमत्तेत जातो आणि त्यात पत्नीचा अर्धा हिस्सा होतो. तो वडिलांच्या आधी वारला असे ठरले, तर तो वाटा थेट नातवंडांकडे जातो आणि सुनेला त्यात काही मिळत नाही. मृत्यूच्या तारखेचे गृहीतक नसल्यामुळे ज्याला विशिष्ट तारीख हवी असेल, त्यालाच ती सिद्ध करावी लागते. म्हणून दाव्यात पतीच्या मृत्यूची तारीख म्हणून घरातून निघाल्याचा दिवस सहज लिहून टाकू नये. 3 ऑक्टोबर 2017 ही तारीख पत्नीने स्वतः शपथेवर लिहिली, तर ती 9 ऑक्टोबरच्या फोनशी विसंगत ठरेल आणि 2020 मधील वाट्यावरचा तिचा हक्क तिच्याच कागदावरून नाकारला जाईल.